विभाजन बिंदू आणि रेषेचं समीकरण: उत्तराचा ताळा कसा करायचा

दहावीच्या गणित भाग 2 च्या पेपरला 40 गुण आणि दोन तास असतात. कॅल्क्युलेटर चालत नाही. निर्देशक भूमितीत सूत्र चुकीचं लिहिल्यामुळे जितके गुण जातात, त्याहून जास्त गुण एखादं ऋण चिन्ह गळल्यामुळे किंवा गुणोत्तरातल्या m आणि n ची अदलाबदल झाल्यामुळे जातात. पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांमध्ये एकटं बसून सराव करताना विचारायला शेजारी कुणी नसतं. उत्तरसूचीत फक्त शेवटचं उत्तर असतं आणि परीक्षेत तर तीही नसते.

या लेखात एकच काम पूर्णपणे केलं आहे. विभाजन सूत्राने आलेला बिंदू किंवा काढलेलं रेषेचं समीकरण बरोबर आहे का, हे बिंदूंच्या किमती घालून कसं पाहायचं, आणि कोणत्या ताळ्यावर किती विश्वास ठेवायचा. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण "समीकरणात बसलं, म्हणजे बरोबर" हे अर्धवट सत्य आहे.

## काय लागेल

कोरा कागद, पेन्सिल आणि मूळ प्रश्न. मूळ प्रश्न मुद्दाम लिहिला आहे, वहीत उतरवलेला नव्हे. सरावाच्या वेळी आलेख कागदाची एक वही जवळ असली तर चांगलं. अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही शालेय दुकानात मिळते. आलेखावरून बिंदू साधारण कुठे पडतो ते कळतं, पण उत्तर 7/3 आहे की 2.3, हे पेन्सिलीच्या टोकाला सांगता येत नाही. म्हणून आलेख अंदाजासाठी आणि निर्णय आकडेमोडीवर.

लेखभर एकच उदाहरण धरू:

A(−3, 8) आणि B(7, −7) यांना जोडणाऱ्या रेषाखंडाला बिंदू P हा 2 : 3 या गुणोत्तरात विभागतो. P चे निर्देशक काढा.

विभाजन सूत्राने,

x = (2 × 7 + 3 × (−3)) / (2 + 3) = (14 − 9) / 5 = 1

y = (2 × (−7) + 3 × 8) / (2 + 3) = (−14 + 24) / 5 = 2

म्हणजे P(1, 2). आता हे उत्तर तपासायचं आहे.

## 1. आकडे आणि गुणोत्तर पुन्हा मूळ प्रश्नातून घ्या

ताळ्यात सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट अशी की, आपण चुकीच्या उतरवलेल्या आकड्यांवरच ताळा करतो. −3 ऐवजी 3 उतरवलं असेल, तर उत्तरही 3 वरून येतं आणि ताळाही 3 वरच होतो. दोन्ही एकमेकांशी छान जुळतात आणि दोन्ही चूक असतात. म्हणून ताळा सुरू करताना A, B आणि गुणोत्तर प्रश्न वाचून पुन्हा लिहा. वहीतल्या पहिल्या ओळीवर बोट ठेवून नको.

गुणोत्तराच्या बाबतीत दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून वाचा.

पहिली म्हणजे क्रम. "रेख AB ला 2 : 3 मध्ये" म्हणजे AP : PB = 2 : 3. "रेख BA ला 2 : 3 मध्ये" असं असेल तर सुरुवात B पासून, म्हणजे BP : PA = 2 : 3. तेव्हा सूत्रात (x1, y1) च्या जागी B चे निर्देशक येतात.

दुसरी म्हणजे कशाचं कशाशी गुणोत्तर दिलं आहे. "AP = (2/5) AB" असं दिलं असेल तर AP : AB = 2 : 5. पण सूत्राला AP : PB लागतं आणि ते 2 : 3 आहे. इथे 2 : 5 घालणारे पुष्कळ जण असतात. त्यांचं उत्तर (−1/7, 26/7) येतं. या बिंदूकडे आपण थोड्या वेळाने परत येणार आहोत, कारण तो एका ताळ्यातून सहीसलामत सुटतो.

## 2. बिंदू मध्ये पडतो का, ते नजरेने पाहा

अंतर्विभाजन असेल तर P हा A आणि B यांच्या मध्येच असायला हवा. म्हणून P चा x निर्देशक −3 आणि 7 यांच्या दरम्यान हवा, y निर्देशक 8 आणि −7 यांच्या दरम्यान. 1 आणि 2 दोन्ही बसतात.

याला पाच सेकंदही लागत नाहीत. (m + n) ने भागायचं राहिलं असेल तर उत्तर (5, 10) येतं. 10 हा 8 च्या वर गेला, म्हणजे चूक लगेच उघडी पडली. मात्र याच चुकीत x = 5 हा −3 आणि 7 यांच्या मध्येच आहे, तो एकट्याने काही सांगत नाही. म्हणून दोन्ही निर्देशक पाहायचे.

आणखी एक अंदाज इथेच घ्या. 2 : 3 मध्ये पहिला भाग लहान आहे, म्हणजे P हा B पेक्षा A ला जवळ हवा. −3 पासून 1 पर्यंत 4 आणि 1 पासून 7 पर्यंत 6. ठीक. गुणोत्तराची अदलाबदल बहुतेक वेळा इथेच सापडते, पण गुणोत्तर 6 : 5 सारखं असेल तर दोन्ही भाग नजरेला सारखेच वाटतात आणि हा अंदाज उपयोगाचा राहत नाही.

## 3. रेषेचं समीकरण काढलं असेल तर त्यात A आणि B दोन्ही घाला

आता रेषेकडे वळू. AB चा चढ:

m = (−7 − 8) / (7 − (−3)) = −15 / 10 = −3/2

(हा m चढाचा. गुणोत्तरातल्या m शी त्याचा संबंध नाही. एकाच पानावर दोन्ही आले तर चढासाठी निराळं अक्षर वापरलं तरी चालतं, फक्त तसं लिहा.)

A आणि चढ घेऊन: y − 8 = (−3/2)(x + 3). दोन्ही बाजूंना 2 ने गुणून 2y − 16 = −3x − 9, म्हणजे

3x + 2y = 7

ताळा:

A(−3, 8): 3(−3) + 2(8) = −9 + 16 = 7. डावी बाजू = उजवी बाजू.

B(7, −7): 3(7) + 2(−7) = 21 − 14 = 7. डावी बाजू = उजवी बाजू.

दोन वेगवेगळ्या बिंदूंतून एकच रेषा जाते, म्हणून दोन्ही बसले की समीकरण पक्कं. तिसरा बिंदू घालून पाहण्याची गरज नाही.

पण दोनपैकी फक्त A घालून थांबलात तर काहीच तपासलं नाही. समीकरण बनवताना आपण A वापरलेला आहे. त्यामुळे चढ चुकला तरी A त्या समीकरणात बसणारच. हे करून पाहा. समजा चढ काढताना क्रम बिघडला: वर −7 − 8 आणि खाली −3 − 7. मग चढ 15/10 = 3/2 येतो आणि समीकरण 3x − 2y = −25. यात A घाला: −9 − 16 = −25. बरोबर! आता B घाला: 21 + 14 = 35. साफ चूक.

चढात x आणि y यांची जागा बदलली, म्हणजे −2/3 घेतला, तर समीकरण 2x + 3y = 18 येतं. A घातल्यावर −6 + 24 = 18, पुन्हा बसतो. B घातल्यावर 14 − 21 = −7, पुन्हा पकडला जातो.

y = mx + c या रूपात c ची किंमत काढतानाही हेच होतं. ज्या बिंदूवरून c काढला, तो बिंदू ताळ्यासाठी निकामी. ताळा नेहमी दुसऱ्या बिंदूचा. दोन्ही घातले तर उत्तमच, कारण A बसला नाही तर चूक कंस सोडवताना किंवा पक्षांतर करताना झाली आहे, आणि A बसून B बसला नाही तर चूक चढात आहे, हेही कळतं.

प्रश्नात एकच बिंदू आणि चढ दिला असेल तर दुसरा बिंदू कुठून आणायचा? चढावरून बनवायचा. उदाहरणार्थ (−2, 5) मधून जाणारी, चढ 3/4 असलेली रेषा. चढ 3/4 म्हणजे x हा 4 ने वाढला की y हा 3 ने वाढतो. म्हणून (−2 + 4, 5 + 3) = (2, 8) हा त्याच रेषेवरचा बिंदू. आपलं उत्तर 3x − 4y = −26 असेल तर (−2, 5) घातल्यावर −6 − 20 = −26 आणि (2, 8) घातल्यावर 6 − 32 = −26. दोन्ही बसले. चढ उलटा, म्हणजे 4/3 घेतला असता तर 4x − 3y = −23 आलं असतं. त्यात पहिला बिंदू बसतो, दुसरा घातला की 8 − 24 = −16 येतं. दुसरा बिंदू बनवताना चढाची व्याख्या आकड्यांवर जाते, सूत्रावर नाही, म्हणून ही तपासणी खरोखर स्वतंत्र आहे.

## 4. विभाजन बिंदू समीकरणात घाला, पण तिथे थांबू नका

P(1, 2) हा 3x + 2y = 7 मध्ये घाला: 3 + 4 = 7. बसला. बहुतेक जण इथे टिकमार्क करून पुढच्या प्रश्नाला जातात.

आता मुद्दाम चूक करू. m आणि n उलटे घेऊ, म्हणजे 3 : 2. मग

x = (3 × 7 + 2 × (−3)) / 5 = 15/5 = 3

y = (3 × (−7) + 2 × 8) / 5 = −5/5 = −1

Q(3, −1) समीकरणात घाला: 9 − 2 = 7. हाही बसला.

आणि मघाशी बाजूला ठेवलेला (−1/7, 26/7)? 3 × (−1/7) + 2 × (26/7) = (−3 + 52)/7 = 49/7 = 7. तोही बसला.

यात आश्चर्य काहीच नाही. सूत्रात गुणोत्तर कुठलंही घाला, ते x आणि y दोन्हींना सारखंच घातलं असेल तर येणारा बिंदू AB याच रेषेवर पडतो. गुणोत्तर बदललं की बिंदू रेषेवरून सरकतो, रेषा सोडत नाही. समीकरणाला बिंदू रेषेवर आहे का, एवढंच कळतं. रेषेवर नेमका कुठे आहे, हे त्याला कळतच नाही. म्हणून गुणोत्तराच्या सगळ्या चुका या ताळ्यातून निसटतात. चिन्हाच्या आणि बेरजेच्या चुका मात्र पकडल्या जातात, कारण त्या सहसा एकाच निर्देशकात होतात आणि बिंदू रेषेबाहेर फेकला जातो.

## 5. फरकांचा ताळा: हाच खरा

गुणोत्तर तपासायचं तर P ने AB चे तुकडे कसे पाडले ते मोजायला हवं. अंतर सूत्र लावलं तर वर्गमूळं येतात आणि वेळ जातो. त्याची गरज नाही. फक्त निर्देशकांचे फरक घ्या, आणि प्रत्येक वेळी पुढच्यातून मागचा वजा करा.

A पासून P: x चा फरक 1 − (−3) = 4, y चा फरक 2 − 8 = −6

P पासून B: x चा फरक 7 − 1 = 6, y चा फरक −7 − 2 = −9

x चे फरक 4 : 6 = 2 : 3. y चे फरक −6 : −9 = 2 : 3. दोन्ही प्रश्नातल्या गुणोत्तराइतके आले. उत्तर बरोबर.

हे का चालतं, ते आकृती काढली की दिसतं. A मधून आडवी आणि P मधून उभी रेषा काढली की एक काटकोन त्रिकोण तयार होतो. तसाच दुसरा P आणि B यांच्यामध्ये. दोघांचे कर्ण एकाच रेषेवर, म्हणून कोन सारखे, म्हणून त्रिकोण समरूप. AP आणि PB यांचं जे गुणोत्तर, तेच आडव्या बाजूंचं आणि तेच उभ्या बाजूंचं. विभाजन सूत्राची सिद्धताही याच मार्गाने जाते, पण ताळ्यात आपण सूत्राला हात लावत नाही, फक्त वजाबाकी करतो. सूत्रात आकडे घालून तीच आकडेमोड दुसऱ्यांदा करणं हा ताळा नव्हे. सूत्रात m आणि n उलटे पाठ झाले असतील तर दुसऱ्यांदाही उलटेच लिहिले जातील.

Q(3, −1) ला ही चाळणी लावा. A पासून Q: 6 आणि −9. Q पासून B: 4 आणि −6. दोन्हीकडे 3 : 2. प्रश्नात 2 : 3 आहे, म्हणजे Q बाद.

आणखी एक सोय. x चे आणि y चे फरक एकाच गुणोत्तरात आले की बिंदू रेषेवर आहे हे आपोआप सिद्ध होतं. म्हणून विभाजन सूत्राच्या प्रश्नात समीकरण काढून ताळा करायची मुळात गरज नाही. समीकरण आधीच विचारलेलं असेल तरच त्यात P घाला. परीक्षेत अर्धाच मिनिट उरला असेल, तर फरकच काढा.

## 6. फरक जुळले नाहीत, तर चूक कुठे आहे ते वाचा

फरकांचा ताळा चूक आहे एवढंच सांगत नाही, ती साधारण कुठे आहे तेही दाखवतो.

समजा x काढताना −3 चं ऋण चिन्ह गळलं. x = (14 + 9)/5 = 23/5 आणि y = 2. हा बिंदू दुसऱ्या पायरीतल्या नजरेच्या तपासणीतून सुटतो, कारण 4.6 हा −3 आणि 7 यांच्या मध्येच आहे. फरक काढा: x मध्ये 38/5 आणि 12/5, म्हणजे 19 : 6. y मध्ये −6 आणि −9, म्हणजे 2 : 3. एका निर्देशकात बरोबर गुणोत्तर आणि दुसऱ्यात भलतंच, याचा अर्थ आकडेमोडीची चूक, आणि तीही बिघडलेल्या निर्देशकात. संपूर्ण उदाहरण पुन्हा सोडवू नका, फक्त x ची ओळ पुन्हा लिहा.

दोन्ही निर्देशकांत गुणोत्तर एकच पण उलटं आलं, तर m आणि n ची अदलाबदल किंवा A-B चा क्रम चुकला आहे. एका निर्देशकात 2 : 3 आणि दुसऱ्यात 3 : 2 आलं, तर m, n दुसऱ्या ओळीत उलटे झाले आहेत. हे घाईत फार होतं: x बरोबर काढला जातो आणि y च्या वेळी हात उलट चालतो.

एकाच निर्देशकाच्या दोन फरकांची चिन्हं वेगळी आली, उदाहरणार्थ x मध्ये 8 आणि −2, तर बिंदू रेषाखंडाच्या बाहेर आहे. प्रश्न अंतर्विभाजनाचा असेल तर उत्तर नक्की चूक. प्रश्न "कोणत्या गुणोत्तरात" असा असेल आणि गुणोत्तर ऋण आलं, तर मात्र आधी आकडे तपासा. आकडे बरोबर असतील तर बिंदू खरोखरच बाहेर आहे.

आणि दोन्ही निर्देशकांत 2 : 5 आलं तर? आकडेमोड निर्दोष आहे, पण तुम्ही प्रश्न चुकीचा वाचला आहे. इथे एक धोका आहे. फरकांचं गुणोत्तर तुम्ही वहीतल्या 2 : 5 शी ताडून पाहिलंत तर ते जुळेल आणि तुम्ही खूश व्हाल. प्रश्नात "AP = (2/5) AB" असेल तर ताळाही त्याच शब्दांत करा: P − A आणि B − A. आपल्या P(1, 2) साठी x मध्ये 4 आणि 10, म्हणजे 2/5. y मध्ये −6 आणि −15, म्हणजे 2/5. प्रश्नात जे लिहिलं आहे तेच मोजलं, मधलं भाषांतर टाळलं.

## 7. अपूर्णांक आले तर दशांशात जाऊ नका

A(1, 2), B(5, −3), गुणोत्तर 1 : 2. उत्तर P(7/3, 1/3). रेषा 5x + 4y = 13.

दशांश घेऊन पाहा: 5 × 2.33 + 4 × 0.33 = 11.65 + 1.32 = 12.97. आता हे 13 आहे की नाही? उत्तर बरोबर असून शंका राहते. याच्या उलट, थोडं चुकलेलं उत्तरही "जवळजवळ 13" म्हणून सोडून दिलं जातं. ताळा एक तर तंतोतंत जुळतो किंवा जुळत नाही, जवळजवळ जुळणं असं काही नसतं.

अपूर्णांकच ठेवले तर काम सोपं आहे: (35 + 4)/3 = 39/3 = 13. छेद सारखा असतो, म्हणून फक्त अंशांची बेरीज करायची. फरकांतही तेच: x मध्ये 4/3 आणि 8/3, y मध्ये −5/3 आणि −10/3. छेद दोन्हीकडे सारखा, तो सोडून द्या: 4 : 8 आणि −5 : −10. दोन्ही 1 : 2.

उत्तरात विचित्र अपूर्णांक येणं ही चूक नाही. पण छेदात कुठला आकडा आहे ते बघा. तो (m + n) किंवा त्याचा विभाजक असायला हवा. मूळ निर्देशक पूर्णांक असताना 2 : 3 च्या प्रश्नात छेद 7 आला, तर कुठेतरी 2 : 5 घुसलं आहे.

## 8. गुणोत्तर किंवा k विचारला असेल तर

पहिल्याच A(−3, 8), B(7, −7) वर R(k, 5) हा बिंदू आहे. गुणोत्तर आणि k काढा.

y वरून: 5 = (−7m + 8n)/(m + n), म्हणून 5m + 5n = −7m + 8n, म्हणून 12m = 3n.

इथे थांबा. 12m = 3n म्हणजे m/n = 3/12 = 1/4, गुणोत्तर 1 : 4. समोर दिसणारे आकडे तसेच उचलून 12 : 3, म्हणजे 4 : 1 लिहिणं ही या प्रकारातली नेहमीची घसरण आहे.

1 : 4 घेऊन k = (7 − 12)/5 = −1. R(−1, 5).

ताळा: x चे फरक 2 आणि 8, y चे फरक −3 आणि −12. दोन्ही 1 : 4.

4 : 1 घेतलं असतं तर k = (28 − 3)/5 = 5 आणि R(5, 5). रेषेत घातल्यावर 15 + 10 = 25, 7 नव्हे. या प्रकारात गुणोत्तराची चूक समीकरणातही पकडली जाते, कारण y = 5 हा प्रश्नानेच दिलेला आहे, चुकीच्या गुणोत्तराबरोबर तो सरकत नाही. चौथ्या पायरीतली अडचण इथे नाही.

## 9. उभी आणि आडवी रेषा

A(4, −2), B(4, 8), गुणोत्तर 3 : 2. उत्तर P(4, 4).

चढ काढायला गेलात तर छेदात 0 येतो, म्हणून चढ सांगता येत नाही आणि समीकरण सरळ x = 4 असं लिहायचं. फरकांच्या ताळ्यात x मध्ये 0 आणि 0 येतात. 0 : 0 हे गुणोत्तर नव्हे, त्याला 1 : 1 समजून "जुळत नाही" असं ठरवू नका. x साठी एवढंच पाहायचं की P चा x निर्देशकही 4 आहे. गुणोत्तर y ठरवतो: 6 आणि 4, म्हणजे 3 : 2. आडव्या रेषेला हेच x आणि y बदलून.

## 10. उत्तरसूचीत वेगळंच समीकरण दिसलं तर

तुमचं 3x + 2y = 7 आणि सूचीत y = −(3/2)x + 7/2, किंवा 6x + 4y − 14 = 0. खोडू नका. तिन्ही एकच रेषा आहेत, शून्येतर संख्येने गुणलं आणि पदं इकडची तिकडे नेली की एकाचं दुसरं होतं. मात्र रूपं बदलत बसण्यापेक्षा सूचीतल्या समीकरणातच A आणि B घाला. 6(−3) + 4(8) − 14 = −18 + 32 − 14 = 0. 6(7) + 4(−7) − 14 = 42 − 28 − 14 = 0. दोन्ही बसले, म्हणजे तुमची आणि सूचीची रेषा एकच.

सूचीतलं समीकरण A किंवा B पैकी एकालाही बसलं नाही आणि तुमचं दोघांना बसलं, तर आधी एकदा प्रश्नातले आकडे आणि प्रश्नाचा क्रमांक पाहा. बहुतेक वेळा आपण शेजारच्या उपप्रश्नाचं उत्तर वाचत असतो. क्रमांकही बरोबर असेल, तर छपाईची चूक सूचीत आहे. समासात A आणि B चा ताळा लिहून ठेवा आणि पुढच्या प्रश्नाला लागा.